चुकलेला आकडाच सांगतो चूक कुठे झाली: तरंगाची वर्कशीट तपासताना

नववीच्या ध्वनीच्या धड्यानंतर बहुतेक शाळांत एक वर्कशीट दिली जाते. वर तरंगाची एक आकृती आणि खाली चार प्रश्न: आयाम किती, तरंगलांबी किती, वारंवारता किती, वेग किती. तपासणारा उत्तरसूची समोर ठेवतो, बरोबर-चूक करतो आणि पुढची वही ओढतो. पण या आकृतीवरून येणारी चुकीची उत्तरं वाट्टेल ती नसतात. तेच पाच-सहा आकडे वहीमागून वही येत राहतात, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे आकृती वाचण्याची एक ठरलेली गफलत असते. आकडा पाहून गफलत ओळखता आली, तर फुलीसोबत नेमकी दुरुस्तीही लिहिता येते.

उदाहरणाला एकच आकृती घेऊ. फरशीवर एक लांब, सैल स्प्रिंग ताणून धरली आहे. एक टोक कुणीतरी पक्कं धरलंय, दुसरं टोक हाताने आडवं, डावी-उजवीकडे हलवलं जातंय. तरंग अजून पलीकडच्या टोकाला पोचून परत फिरलेला नाही, अशा एका क्षणी स्प्रिंगचा आकार कागदावर उतरवला आहे. आडव्या अक्षावर अंतर आहे, एक घर म्हणजे १० सेमी, एकूण १२ घरं, म्हणजे १२० सेमी. उभ्या अक्षावर स्प्रिंग मधल्या रेषेपासून किती सरकली ते आहे, तिथे एक घर म्हणजे २ सेमी. वक्र शून्यापासून मधल्या रेषेवरून वर निघतो, १० सेमीला शृंग गाठतो, २० ला मधली रेषा ओलांडून खाली जातो, ३० ला गर्त, ४० ला पुन्हा मधल्या रेषेवर. पुढची शृंगं ५० आणि ९० वर आहेत, गर्तं ७० आणि ११० वर. शृंग मधल्या रेषेच्या दीड घर वर, गर्त दीड घर खाली. आकृतीखाली एक ओळ: हाताने ४ सेकंदांत १० पूर्ण फेरे केले.

बरोबर उत्तरं अशी. आयाम ३ सेमी, तरंगलांबी ४० सेमी, वारंवारता २.५ हर्ट्झ, वेग १०० सेमी प्रतिसेकंद, म्हणजेच १ मीटर प्रतिसेकंद.

आता एका वहीतली उत्तरं पाहा: आयाम ६ सेमी, तरंगलांबी २० सेमी, वारंवारता ३ हर्ट्झ, वेग ६० सेमी प्रतिसेकंद. चारही चूक. पण यात गणिताची चूक एकही नाही. २० गुणिले ३ बरोबर ६० हे पोराने नीट केलंय, सूत्रही त्याला पाठ आहे. चुका सगळ्या पेन्सिल आकृतीवर फिरवताना झाल्या. अशा पोराला ‘सूत्र पाठ कर’ म्हणून परत पाठवलं तर पुढच्या वेळीही तेच ६० येणार.

तरंगलांबी: वीस, सव्वीस पूर्णांक सात, एकशेवीस

सर्वांत जास्त वेळा दिसणारं चुकीचं उत्तर २० सेमी. ते दोन वाटांनी येतं. एक, शृंगापासून लगतच्या गर्तापर्यंत मोजलं: १० पासून ३० पर्यंत. दोन, वक्र मधल्या रेषेला जिथे छेदतो तिथपासून पुढच्या छेदापर्यंत मोजलं: ० पासून २० पर्यंत. दोन्ही वेळा अर्धाच तरंग हाती लागतो. पहिली चूक समजावायला सोपी आहे, कारण वर आणि खाली हा फरक डोळ्यांना दिसतो. दुसरी चिवट आहे. पोराचा मुद्दा असा असतो: ‘सारखे दोन बिंदू घ्यायचे असं तुम्हीच सांगितलं. ० आणि २० दोन्ही मधल्या रेषेवर आहेत, मग सारखेच झाले ना?’ आणि मुद्दा चूक नाही, अपुरा आहे.

इथे ‘सारखे’ या शब्दाला दोन अटी जोडाव्या लागतात. उंची तीच हवी आणि वक्राचा कलही तोच हवा. शून्यावर वक्र वर चढतो आहे, २० वर तो खाली उतरतो आहे, म्हणून ते सारखे बिंदू नाहीत. ४० वर तो पुन्हा मधल्या रेषेवर आहे आणि पुन्हा चढतोच आहे. तरंग तिथे पुरा झाला. ही कसोटी कुठल्याही उंचीवर चालते. मधल्या रेषेच्या थोडी वर एक आडवी रेघ पट्टीने मारा. ती वक्राला पहिल्या शृंगाच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा छेदेल, मग थेट पुढच्या शृंगाच्या अलीकडे. पहिला आणि तिसरा छेद यांच्यात ४० सेमी सापडतील. पहिला आणि दुसरा यांच्यात सापडेल ते अंतर तरंगलांबीही नाही आणि अर्धी तरंगलांबीही नाही, कारण रेघ जितकी वर सरकवाल तितकं ते आखडतं. जे अंतर रेघ सरकवताच बदलतं, ते तरंगाचं माप असू शकत नाही. मुलांकडून ही रेघ दोन वेगवेगळ्या उंचींवर मारून घ्यावी. ती दोन मिनिटं वसूल होतात.

२६.७ हा आकडा वहीत दिसला की तो कॅल्क्युलेटरवरची चूक समजून सोडून देऊ नका. त्या पोराने खरं तर चांगला विचार केलेला असतो. हाताने काढलेल्या आकृतीत प्रत्येक तरंग तंतोतंत सारखा नसतो, एखादं शृंग मिलीमीटरभर इकडे-तिकडे असतं, म्हणून एकाच तरंगावर विसंबण्यापेक्षा पहिल्या शृंगापासून शेवटच्या शृंगापर्यंत मोजून भाग देणं हीच नेटकी रीत. त्याने १० ते ९० असे ८० सेमी मोजले. मग शृंगं मोजली, तीन. ८० भागिले ३, बरोबर २६.७. चूक भागाकारात नाही, कशाने भागायचं यात आहे. केळीच्या बागेत पाच फुटांवर लावलेल्या रांगेत पहिल्या खोडापासून तिसऱ्या खोडापर्यंत पंधरा नाही, दहा फूट भरतात: खोडं तीन, मधल्या जागा दोन. तरंगलांबी म्हणजे मधली जागा. ८० भागिले २ बरोबर ४०. अशा वहीत नुसती फुली मारली, तर पोरगं पुढच्या वेळी एकाच तरंगावरून मोजायला लागेल आणि एक चांगली सवय मोडेल. समासात एवढंच लिहावं: ‘शृंगं नव्हे, शृंगांमधल्या जागा मोज.’

१२० सेमी हे उत्तर कमी वेळा येतं, पण येतं. त्याने अख्ख्या आकृतीची लांबीच तरंगलांबी मानली, म्हणजे ‘तरंग’ म्हणजे एक पूर्ण आवर्तन नव्हे तर कागदावरची सगळी नागमोडी रेघ, असं त्याच्या मनात आहे. इथे पेन्सिलने एका तरंगाभोवती चौकट काढून घेणं आणि आकृतीत अशा किती चौकटी मावतात ते विचारणं पुरतं.

आणखी एक आकडा आहे, ४. ‘तरंगलांबी ४ सेमी.’ घरं बरोबर मोजली, अक्षावरचं प्रमाण पाहिलंच नाही. आलेख कागदाचं एक घर एक सेमीचं असल्यामुळे ही चूक आणखी सहज होते, कारण पट्टी लावली तरी ४ सेमीच येतात. पट्टी कागद मोजते. स्प्रिंग मोजण्यासाठी अक्षावर लिहिलेले आकडेच वाचावे लागतात.

आयाम

इथे ६ हे उत्तर म्हणजे शृंगापासून गर्तापर्यंतची उंची. आयाम मधल्या रेषेपासून मोजायचा असतो, कारण स्प्रिंगचा तो तुकडा आपल्या नेहमीच्या जागेपासून जास्तीत जास्त किती ढळला हे त्यातून सांगायचं असतं. १.५ हे उत्तर म्हणजे पुन्हा घरं मोजून प्रमाण विसरणं. आडव्या आणि उभ्या अक्षावर वेगवेगळं प्रमाण असेल तर ३ ऐवजी १५ सुद्धा दिसतं: दीड घर, आणि घर म्हणजे १० सेमी, कारण नजर आडव्या अक्षावरच राहिली.

शृंग-गर्त उंची मोजणं ही मात्र वाईट सवय नाही, पुढे तिला दोनने भागायचं राहून जातं एवढंच. उलट जिथे मधली रेषा आखलेलीच नसते, तिथे हीच एक रीत चालते. समजा शेतातल्या सिमेंटच्या हौदात आतल्या भिंतीवर तळापासून सेमीच्या खुणा रंगवल्या आहेत. पाण्यात लाटा उठवल्या की एका जागी पाणी ६२ च्या खुणेपर्यंत चढतं आणि ५८ पर्यंत उतरतं. या लाटेचा आयाम विचारला तर काही वह्यांत ६२ असतं. ते पाण्याची उंची सांगतात, लाटेची नाही. दोन खुणांमधला फरक ४, त्याचा अर्धा २ सेमी, हा आयाम. आणि मधली पातळी ६०, जिथे पाणी निवांत असताना उभं होतं. हाताने काढलेल्या आकृतीत मधली रेषा बरोबर मध्ये पडलेली नसते तेव्हाही हाच हिशोब वापरावा. वर दीड घर आणि खाली सव्वा घर दिसलं, तर ‘वरचा आयाम’ आणि ‘खालचा आयाम’ असे दोन आकडे लिहू नयेत. चित्र काढणाऱ्याचा हात हलला आहे. असं तिरकं चित्र छापून त्यावर गुण कापणं मात्र अन्याय आहे.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. आयाम चुकला तरी वेगाच्या उत्तराला धक्का बसत नाही, कारण वेगाच्या सूत्रात आयाम नाहीच. म्हणून शेवटचं उत्तर बरोबर आलं की आयामाची चूक नजरेतून निसटते.

वारंवारता या चित्रात दिसतच नाही

तीन हर्ट्झ हे उत्तर का येतं ते सरळ आहे: चित्रात तीन तरंग दिसतात. पण हे चित्र एका क्षणाचं आहे. घड्याळ थांबवून काढलेल्या चित्रात सेकंद कुठून येणार? आडव्या अक्षावर सेंटिमीटर आहेत, सेकंद नाहीत. कागद लांब घेतला असता तर सहा तरंग दिसले असते, आणि हात मात्र त्याच वेगाने हलत राहिला असता. वारंवारता खालच्या ओळीतूनच काढावी लागते: ४ सेकंदांत १० फेरे, १० भागिले ४, २.५ हर्ट्झ.

या चुकीची खूण वेगाच्या उत्तरात उमटते आणि ती फार मजेशीर आहे. ज्याने तरंगलांबी बरोबर ४० लिहिली आणि वारंवारता चित्रावरून ३ मोजली, त्याचा वेग येतो १२० सेमी प्रतिसेकंद. हा १२० म्हणजे चित्राची लांबी! येणारच, कारण चित्रातल्या तरंगांची संख्या गुणिले एका तरंगाची लांबी म्हणजे चित्राची लांबी, दुसरं काही नाही. वेगाचा आकडा आणि आडव्या अक्षाचा शेवटचा आकडा एकच दिसला, की वारंवारता चित्रावरून मोजली आहे हे वही न चाळताही कळतं.

०.४ हर्ट्झ लिहिणाऱ्याने भागाकार उलटा केला: ४ भागिले १०. हा आकडा निरुपयोगी नाही, तो आवर्तकाल आहे, एका फेऱ्याला लागणारे ०.४ सेकंद. फक्त एकक चुकलं. इथे अंदाजाची कसोटी शिकवता येते. चार सेकंदांत दहा फेरे म्हणजे एका सेकंदात एकापेक्षा जास्तच, मग उत्तर एकापेक्षा कमी कसं येईल? भागाकार करण्याआधी एवढं स्वतःला विचारलं की ही चूक तिथेच अडते.

वाईट हस्ताक्षराचाही इथे वाटा आहे. वारंवारतेसाठी ग्रीक अक्षर ν आणि वेगासाठी v. फळ्यावर दोन्ही एकसारखी दिसतात आणि वहीत तर हमखास. मग v = νλ ही ओळ वाचताना पोरगं दोन्हीकडे वेगच वाचतं आणि डोकं खाजवतं. वर्गात वारंवारतेसाठी f वापरावं असं आमचं मत आहे. अक्षर कुठलंही घेतलं तरी पहिल्याच ओळीत त्याचा अर्थ लिहून घ्यावा.

दोन चुका मिळून बरोबर उत्तर

आता दुसरी वही. आयाम ३ सेमी. तरंगलांबी २० सेमी. वारंवारता ५ हर्ट्झ. वेग १०० सेमी प्रतिसेकंद. वेग बरोबर आहे! घाईत असलेला तपासनीस वेग पाहून बरोबरची खूण करेल, तरंगलांबीवर फुली मारेल, वारंवारतेवर फुली मारेल आणि वही परत देईल. मग पोरगं विचारतं, ‘उत्तर ते बरोबर शे ना, सर?’ आणि त्याला उत्तर देताना पंचाईत होते.

झालं काय, तर या पोराने दोन्ही ठिकाणी अर्ध्यालाच पूर्ण मानलं. चित्रात मधल्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंतचा एक उंचवटा म्हणजे एक तरंग, म्हणून २०. हाताच्या बाबतीत डावीकडे जाणं एक फेरा आणि उजवीकडे येणं दुसरा, म्हणून दहाचे वीस झाले, आणि २० भागिले ४ बरोबर ५. तरंगलांबी निम्मी, वारंवारता दुप्पट, गुणाकार तोच. विचारात सुसंगती आहे, पण व्याख्या मुळातच चुकीची आहे. एक आवर्तन म्हणजे निघालेल्या जागी, त्याच दिशेने जात असताना परत येणं. हात मधून उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा मध्ये उजवीकडे जाताना आला, तेव्हा एक फेरा झाला. तरंगलांबीसाठी जी ‘उंची तीच, कल तोच’ ही अट घातली, तीच इथे ‘जागा तीच, दिशा तीच’ म्हणून घालायची.

इथे गुण कसे द्यावेत? वेगाचं सूत्र बरोबर वापरलं, त्याचे गुण द्यावेत, तेवढेच. तरंगलांबी आणि वारंवारता यांचे नाहीत. आणि पहिल्या वहीतल्या ६० सेमी प्रतिसेकंद या उत्तरालाही, तरंगलांबी आणि वारंवारतेचे गुण आधी कापलेले असतील, तर सूत्राचा गुण द्यायला हरकत नाही. एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापले की पोरगं खरी चूक शोधतच नाही, आपलं सगळंच चुकलं असं समजतं.

तीच रेघ, दुसरा अक्ष

याच वर्कशीटच्या मागच्या पानावर बरेचदा दुसरी आकृती असते. दिसायला हुबेहूब पहिलीच, तीन शृंगं, तीन गर्तं, बारा घरं. फक्त आडव्या अक्षावर आता काळ आहे, एक घर म्हणजे ०.१ सेकंद. हे स्प्रिंगचं चित्र नाही. स्प्रिंगच्या एकाच बिंदूला रंगीत दोरा बांधला आणि तो दोरा वेळेनुसार कुठे-कुठे गेला त्याची ही नोंद आहे. इथे एका शृंगापासून पुढच्या शृंगापर्यंत चार घरं, म्हणजे ०.४ सेकंद. हा आवर्तकाल. त्याचा व्यस्त २.५ हर्ट्झ, म्हणजे पहिल्या आकृतीशी जुळलं.

आणि इथे तरंगलांबी विचारली तर? या आकृतीवरून ती सांगताच येत नाही. एका बिंदूवर नजर ठेवून शेजारचा बिंदू काय करतो ते कळत नाही. ‘तरंगलांबी ०.४ सेमी’ किंवा ‘४० सेमी’ लिहिलेलं दिसलं, तर पहिल्याने अक्ष वाचला नाही आणि दुसऱ्याने पान उलटून पहिल्या आकृतीतलं उत्तर उतरवलं. आयाम मात्र दोन्ही आकृत्यांत वाचता येतो, कारण उभा अक्ष तोच आहे. आणि या आकृतीतही तरंग मोजून ‘३ हर्ट्झ’ लिहिणारे असतात. इथे त्यांची चूक छोटी आहे: तीन तरंग १.२ सेकंदांत झाले, एका सेकंदात नव्हे. ३ भागिले १.२ केलं असतं तर २.५ आलंच असतं. आडवा अक्ष नेमका एका सेकंदाचा असलेल्या आकृत्या वर्गात इतक्या वापरल्या जातात, की ‘मोजले तरंग की झाली वारंवारता’ ही सवय तिथूनच लागते. अक्ष मुद्दाम १.२ किंवा ०.८ सेकंदांचा ठेवावा.

म्हणून तपासण्याचा क्रम असा ठेवणं सोयीचं: आधी आडव्या अक्षाचं नाव पोराने उत्तरात कुठे लिहिलं आहे का ते पाहा, मग प्रमाण, मग आकडे. वर्कशीट छापतानाच पहिला प्रश्न ‘आडव्या अक्षावर काय आहे आणि एक घर म्हणजे किती?’ असा घातला, तर निम्म्या गफलती तिथेच दिसतात.

हल्ली मुलं मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप उघडून तोच स्क्रीनशॉट वर्कशीटला चिकटवतात. चांगलं आहे, पण तो आलेख नेहमी काळाचाच असतो. माइक एका जागी बसून हवेचा दाब वेळेनुसार कसा बदलतो ते नोंदवतो. समजा ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवला आणि स्क्रीनची रुंदी १० मिलीसेकंद आहे. त्यात पाचाहून किंचित जास्त तरंग बसतात. पाचच धरले तर एकाला २ मिलीसेकंद, आणि वारंवारता ५०० हर्ट्झच्या आसपास. वाचनातल्या चुकीपुरता एवढा फरक चालतो. पण वहीत ‘०.५ हर्ट्झ’ दिसतं, कारण १ भागिले २ केलं आणि मिलीसेकंदाचे सेकंद केले नाहीत. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकूच येत नाही, तर ०.५ हर्ट्झचा नादकाटा वर्गाने कसा ऐकला, एवढंच विचारावं. त्या स्क्रीनवरच्या उंचीला सेंटिमीटर लावू नये. माइक किती जवळ होता आणि ॲपने आवाज किती वाढवून दाखवला, यावर ती उंची ठरते.

तरंगलांबी हवीच असेल तर हवेतला वेग बाहेरून घ्यावा लागतो, आणि तो तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला तो ३४३ मीटर प्रतिसेकंद, म्हणून ५१२ हर्ट्झच्या काट्याची तरंगलांबी ६७ सेमी. भुसावळला मे महिन्यात पारा ४४ वर असताना वेग ३५७ च्या आसपास जातो आणि तोच काटा हवेत जवळजवळ ७० सेमीचे तरंग सोडतो. काटा बदलला नाही, वारंवारताही बदलली नाही. ‘उन्हामुळे आवाज पातळ झाला म्हणजे वारंवारता वाढली’ असं लिहिणाऱ्याला हेच दाखवावं: कंप पावतो काटा, हवा फक्त वाहून नेते. वेग वाढला तो सगळा तरंगलांबीच्या वाट्याला गेला.

पुढची वर्कशीट काढताना

पहिल्या आकृतीत एक दोष आहे आणि तो चित्र काढणाऱ्याचा आहे. आयाम ३ सेमी आणि तरंगही ३. ज्याने वारंवारता ३ लिहिली त्याने तरंगच मोजले, की आयाम उतरवला, हे कळायला मार्ग नाही. आकडे असे निवडावेत की प्रत्येक गफलतीचं उत्तर शक्यतो वेगळं पडेल.

वरचा हौद यासाठी बरा पडतो. १८० सेमी लांबीच्या हौदातल्या लाटांचं एका क्षणाचं चित्र काढा. आडव्या अक्षावर एक घर म्हणजे १० सेमी. शृंगं २०, ९० आणि १६० सेमीवर, गर्तं ५५ आणि १२५ वर. पाणी ६२ पर्यंत चढतं, ५८ पर्यंत उतरतं, मधली रेषा मुद्दाम आखू नका. खाली ओळ: एका खुणेपाशी ६ सेकंदांत ९ लाटा पार होतात. तरंगलांबी ७० सेमी, आयाम २ सेमी, वारंवारता १.५ हर्ट्झ, वेग १०५ सेमी प्रतिसेकंद. हे आकडे खऱ्या पाण्याशीही जुळतात. तळ लाटेच्या मानाने खोल असेल, तर ७० सेमी लांबीची लाट पाण्यावर साधारण इतक्याच वेगाने जाते. उगाच काहीही आकडे घालून चित्र काढलं, की एखादं चौकस पोरगं हौदावर जाऊन मोजून येतं आणि मग उत्तर द्यावं लागतं.

आता वह्या आल्या की वाचा. तरंगलांबी ३५ म्हणजे शृंग ते गर्त मोजलं. ४६.७ म्हणजे १४० ला तीनने भागलं, मधल्या जागा विसरला. ७ म्हणजे घरं मोजली, प्रमाण नाही. १८० म्हणजे अख्खा हौद. आयाम ४ म्हणजे अर्धं करायचं राहिलं, ६२ म्हणजे तळापासून मोजलं. वारंवारता ०.६७ म्हणजे भागाकार उलटा, ३ म्हणजे चढ आणि उतार वेगळे मोजले किंवा चित्रातली शृंगं मोजली, आणि या दोघांना वेगळं करायचं तर तरंगलांबीचं उत्तर पाहा: ३५ आणि ३ सोबत असतील तर बहुधा पहिला, ७० आणि ३ असतील तर दुसरा. पहिल्याचा वेग १०५ येईल, बरोबर उत्तरासारखाच, म्हणून त्याची वही वेगापाशी सोडून देऊ नका.